बहिणीच्या गाडीचा हिशेब

आमच्या खोलीत दोन टेबलं आहेत. खिडकीजवळचं माझं, त्यावर मी घरांचे नकाशे काढते. दाराजवळचं त्यांचं. ते लोकांचे कर भरून देतात, हिशेब तपासतात, बँकेला लागणारे कागद तयार करतात. भाडं आम्ही अर्धं अर्धं देतो आणि भांडणंही अर्धी अर्धी करतो. सगळी इमारत त्यांना ताळेबंद म्हणते. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतं.

माणूस सरळ. पंचावन्नच्या आसपासचे, अंगाने बारीक, शर्टाची बाही कधी दुमडायची नाही. चहा प्यायचा तर बशीत ओतायचा नाही, का तर बशीला राहतो तो वाया जातो. लिफ्टचं मासिक भाडं वाढलं तेव्हा सोसायटीच्या सभेत उभं राहून त्यांनी विजेचं बिल असं सोलून काढलं की सेक्रेटरीने पुढच्या सभेत आजारी पडणंच पसंत केलं. कुणी सल्ला विचारला की आधी चष्मा काढायचा, पुसायचा, मग म्हणायचं, "बघतो." ते "बघतो" ऐकलं की माणूस निम्मा निर्धास्त व्हायचा. मीसुद्धा. माझी तोंडपाटीलकी सगळ्या इमारतीला माहीत आहे, पण पैशाच्या बाबतीत त्यांच्यापुढे मी कधी ब्र काढला नव्हता.

त्यांची एकुलती धाकटी बहीण फिजिओथेरपिस्ट. दवाखाना नाही, नोकरी नाही, ही घरोघर जाते. अर्धांगवायू झालेले, गुडघे बदललेले, पडून हाड मोडलेले म्हातारे. त्यांना अंथरुणातून उठवायचं, चालवायचं, रडवायचं आणि हसवायचं. सोबत पेशंटला आडवं करायचं घडीचं एक टेबल असतं, मिटलं की मोठ्या सुटकेसएवढं आणि सुटकेसहून जरा जड. त्यांच्यापेक्षा ती बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे तिची वेणी त्यांनीच घातली आणि शाळेत सोडायलाही तेच जायचे. अजूनही ते तिला छोटी म्हणतात, आणि छोटीच्या डोक्यावर आता चांगले पांढरे केस आहेत.

तिची जुनी गाडी वारंवार बंद पडू लागली तेव्हा एका दुपारी ती आमच्याकडे आली. हातात दोन कागद. एक बँकेच्या कर्जाचा, एक गाड्या लीजवर, म्हणजे काही वर्षांच्या भाड्याने, देणाऱ्या कंपनीचा.

"दादा, गाडी तीच, बारा लाखांची. बँकेचा हप्ता चोवीस हजार एकशे वीस, चार वर्षं. लीजचं भाडं चोवीस हजार पाचशे, तेही चार वर्षं, पण त्यात विमा, सर्व्हिसिंग, टायर सगळं आलं; गाडी मात्र शेवटी परत करायची. शिवाय बँकेत आधी दोन लाख चाळीस हजार भरायचेत. माझं डोकं गरगरतंय. कुठलं घेऊ?"

आणि लगेच पुढे म्हणाली, "माझं फिरणं तुला ठाऊकच आहे. आता नदीपलीकडचेही पेशंट घेतलेत. महिन्याला दोन हजारांच्या वर किलोमीटर होतात."

ताळेबंदांनी चष्मा पुसला. "बघतो."

त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. कुणाच्या तरी कराची तारीख उलटायला आली होती. ते फोनवर बोलत राहिले, ती बसून राहिली. मी तिला पाणी दिलं. फोन संपल्यावर त्यांनी एक कागद ओढला आणि उभ्या उभ्या आकडे मांडले. इतक्या वर्षांत उभ्याने केलेला त्यांचा हिशेब मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"हे बघ. कर्जाने घेतलीस तर पदरचे दोन चाळीस, हप्त्यांचे जवळजवळ अकरा अठ्ठावन्न, विमा आणि दुरुस्ती दोन वीस. झाले सोळा लाख अठरा हजार. चार वर्षांनी गाडीची किंमत उरते दोन अठ्ठ्याऐंशी. ती वजा केली की तेरा तीस. लीजचं भाडं अकरा शहात्तर, वर त्यांची वीस हजारांची फी. अकरा शहाण्णव. सव्वा लाखाच्या वर फायदा, पुन्हा भाडं अख्खं खर्चात धरता येतं. लीज घे. डोळे झाकून घे."

"पण दादा, मी असं धरलं होतं की..."

"छोटी, तू गुडघे बघ. आकडे मी बघतो."

आम्ही तिघंही हसलो. ती जरा उशिरा हसली, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. तिने कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि गेली. लीज कंपनीला तिच्या उत्पन्नाचे कागद लागणार होते. नोकरदाराला पगाराची चिठ्ठी पुरते, स्वतःचं काम करणाऱ्याकडे तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. ते सगळं ताळेबंदांनीच पाठवलं, त्यामुळे कंपनीचा माणूस तिच्याशी कमी आणि यांच्याशीच जास्त बोलायचा. वीस हजार भरून गाडी नोंदवून झाली. करार गाडी हातात घेताना व्हायचा होता. तेवढ्यात जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळालं, तिने ती देऊन टाकली.

मग आला पशुवैद्य.

हा ताळेबंदांचा नवा अशील. गोठ्यांवर, कोंबड्यांच्या शेडवर फिरणारा, बुटांना कायम काहीतरी लागलेलं. त्याचा प्रश्न अगदी तोच होता, लीज की कर्ज. ताळेबंदांनी त्याला फी सांगितली, त्याने कुरकुर न करता दिली, आणि हे टेबलाशी नीट बसले. कागदाला समास आखला. कंपनीचा छापील करार मागवून घेतला आणि त्यातली बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. जुन्या गाड्या विकणाऱ्या दोन-तीन जणांना फोन करून विचारलं, ही गाडी चार वर्षांनी, लाखभर किलोमीटर पळाल्यावर कितीला जाईल? सगळ्यांनी साडेचार लाखांच्या आसपास सांगितलं. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "डॉक्टर, तुमचं फिरणं किती?"

"महिन्याला दोन हजार धरा. जास्तच."

ताळेबंदांचं पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका पसरत गेला. मी माझ्या टेबलावरून बघत होते. माणूस पांढरा पडणं हे मी नुसतं ऐकलं होतं, त्या दिवशी पाहिलं.

"काय झालं?" डॉक्टरने विचारलं.

"काही नाही. लीजला मर्यादा असते," ते हळू म्हणाले. "वर्षाला पंधरा हजार किलोमीटर. त्यावर प्रत्येक किलोमीटरला आठ रुपये द्यावे लागतात. तुमच्यासारख्याने लीज घेऊ नये."

डॉक्टर खूश होऊन गेला. त्याच्यामागे दार बंद झालं तरी ताळेबंद दाराकडेच बघत होते.

मी म्हटलं, "अहो, छोटीचं?"

ताळेबंदांनी एक कोरा कागद घेतला आणि आता कुणी विचारलं नसताना तिचा हिशेब मांडायला बसले. तिच्या पेट्रोलच्या पावत्यांवरून वर्षाला सव्वीस हजार धरले तर चार वर्षांत एक लाख चार हजार किलोमीटर. मर्यादा साठ हजारांची. वरच्या चव्वेचाळीस हजारांचे आठाप्रमाणे तीन लाख बावन्न हजार. लीज गेली पंधरा अठ्ठेचाळीसवर. आणि दुसरी चूक तर अशी, की ती त्यांच्यासारखा हिशेबनीसच करू जाणे. कर्जाच्या बाजूला गाडीची उरलेली किंमत म्हणून त्यांनी पुस्तकी किंमत धरली होती. दरवर्षी तीस टक्के घसारा कापत गेलं की कागदावर दोन अठ्ठ्याऐंशी उरतात. जन्मभर वह्यांमध्ये तोच आकडा लिहिलेला, हाताला तोच आला. पण गाडी काही वहीत विकायची नसते. बाजारात ती साडेचारला जाते. एवढ्या फिरण्याला दुरुस्तीचे चाळीस हजार वाढवूनही कर्जाचा निव्वळ खर्च बारा लाख आठ हजारांवर आला.

"तीन लाख चाळीस हजार," ते म्हणाले. "उलट्या बाजूने."

"कराचं काय? भाडं अख्खं खर्चात जातं म्हणालात."

"जातं. पण इकडे घसारा जातो, व्याज जातं. गाडी पुस्तकी किमतीहून जास्तीला विकली तर त्या जास्तीवर कर बसतो. चार वर्षांची बेरीज केली तर दोन्हीकडे जेवढा खर्च तेवढीच सूट. कर फरक कमी करतो, उलटवत नाही. आधी भरायच्या अडीच लाखांवरचं बँकेतलं व्याज बुडतं, तेही धरलं. तरी दोन लाखांच्या वर राहतात." ते थांबले. "हे मला येत होतं हो. हे सगळं मला येतं."

ते खरंच होतं, आणि तेच वाईट होतं. न येणाऱ्या माणसाची चूक झाली तर आपण म्हणतो, जाऊ दे. यांना येत होतं. अनोळखी माणसासाठी ते बसून करत होते आणि बहिणीसाठी उभ्याने.

"मग फोन करा तिला. अजून करार कुठे झालाय? वीस हजार बुडतील, बुडू देत."

"करतो."

केला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. फोन हातात घ्यायचे, तिचा नंबर काढायचे, खाली ठेवायचे. एकदा मला विचारलं, "कंपनीने नियम बदलला असं सांगितलं तर?" मी इतक्या रागाने बघितलं की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. डबा तसाच परत न्यायचे. त्यांच्या घरून वहिनींचा मला फोन आला, यांना काही होतंय का म्हणून. काय सांगणार? म्हटलं, काम फार आहे.

मला त्यांची कीव यायची आणि चीडही. एवढी काय ती लाज? पण नंतर कळलं की ही आकड्याची लाज नव्हतीच. आकडे चुकतात. यांना तिला सांगावं लागणार होतं की तुझा हिशेब मी मन लावून केला नाही. वेणी घातलेल्या पोरीला ते कसं सांगायचं, ते त्यांना सुचत नव्हतं.

आणि मग त्यांनी जे केलं ते चुकीपेक्षा वाईट होतं. गाडी ताब्यात मिळायच्या आदल्या दिवशी त्यांनी कंपनीला फोन लावला. मला वाटलं, चला, एकदाचं तोंड उघडलं. पण मी ऐकलं ते असं, "हो, उत्पन्नाच्या कागदांमध्ये जरा पुन्हा बघावं लागतंय. नाही, नाही, मोठं काही नाही. पण माझ्याकडून होकार येईपर्यंत गाडी देऊ नका."

फोन ठेवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोडा वेळ मिळाला."

"कुणाला?" मी विचारलं.

जुनी गाडी गेलेली, नवी अडकलेली. छोटी बसने फिरू लागली. मी तिला एकदा थांब्यावर पाहिलं. टेबलाचा पट्टा खांद्यावर, दुसऱ्या हातात पिशवी, आणि कंडक्टर सांगतोय की एवढं सामान आत चालणार नाही. मी रस्ता ओलांडेपर्यंत बस निघून गेली होती आणि ती पुढच्या बसची वाट बघत उभी होती. मी ऑफिसात येऊन ते जसंच्या तसं ताळेबंदांना सांगितलं. मुद्दाम सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

त्याच आठवड्यात ती आली. टेबल दाराशी आपटलं, घाम पुसला, बसली नाही.

"दादा, मी लीज कंपनीच्या शोरूमला जाऊन आले. तो पोरगा मला काय म्हणाला माहितीये? सगळ्यांसमोर म्हणाला, मॅडम, तुमच्या उत्पन्नाच्या कागदांत गडबड आहे, तुमच्याच हिशेबनीसाने कळवलंय. शेजारी दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती माझ्याकडे वळून बघायला लागली. मी एक एक पावती जपून ठेवते. आजवर एक पैसा लपवला नाही मी. काय गडबड आहे माझ्या कागदांत?"

ताळेबंद उभे राहिले. टेबलाची कड धरून.

"तुझ्या कागदांत काही नाही, छोटी. माझ्या आहे."

मग सांगितलं. सगळं. मर्यादेचं, आठ रुपये किलोमीटरचं, पुस्तकी किमतीचं, पशुवैद्याचं. तिला फोन केला नाही ते, आणि कंपनीला केला तो कशासाठी तेही. मी नकाशावर डोकं खाली घालून बसले होते. एखाद्याचं असं उघडं पडणं बघू नये. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

ती ऐकून घेत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "मी किलोमीटर सांगितले होते ना?"

"मला आठवत नाही," ते म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "सांगितले होते. इथेच बसून. दोन हजारांच्या वर म्हणाली होतीस."

"मीही घरी मांडलं होतं," ती म्हणाली. "गाडी शेवटी चारला तरी जाईल असं धरलं होतं मी. तुला सांगायला लागले तर तू म्हणालास, तू गुडघे बघ. मला वाटलं, दादा म्हणतोय म्हणजे माझंच चुकलं असणार."

त्या खोलीत मी पुष्कळ माणसं कोलमडलेली पाहिलीत. कर बुडवलेले, दिवाळं निघालेले, भागीदाराने फसवलेले लोक त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसून गेलेत. पण त्या दिवशी ताळेबंद जसे उभे होते तसं कुणी उभं राहिलेलं मी पाहिलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"वीस हजार मी भरतो," ते म्हणाले. "बसचे, रिक्षाचे, जे काही झाले ते सगळे मी भरतो. बँकेचे कागद मी आजच करतो. शोरूमला जाऊन सगळ्यांसमोर सांगतो की चूक माझी होती."

"शोरूमला जा," ती म्हणाली. "ते तू करायलाच हवं. वीस हजार नको. सही मी करणार होते, वाचायला मीही हवं होतं."

मग तिने खुर्ची ओढली. नेहमी ती त्यांच्या बाजूला, फायलींच्या कपाटाला टेकून बसायची, टेबलावरचं पेन उचलून खेळायची. त्या दिवशी ती समोर बसली, अशील बसतात तिथे. पर्स मांडीवर घेतली.

"त्या डॉक्टरकडून फी किती घेतलीस?"

"छोटी, असं नको ना करूस."

"किती घेतलीस, दादा?"

त्यांनी आकडा सांगितला. तिने तेवढ्या नोटा मोजून टेबलावर ठेवल्या, त्यांच्याकडे सरकवल्या.

"आता बसून कर," ती म्हणाली. "मी थांबते."

ते मदतीसाठी माझ्याकडे बघू लागले. मी काय बोलणार? ती टोमणा मारत नव्हती. टोमणा असता तर मी मध्ये पडले असते. तिला खरोखरच हिशेब नीट करून हवा होता, आणि तो नीट करून घ्यायचा एकच रस्ता तिला दिसत होता. ताळेबंद बसले. समास आखला. एकेक गोष्ट विचारत गेले. किलोमीटर किती, त्यातले घरच्या कामाचे किती, नदीपलीकडचे पेशंट पुढेही राहतील का, हाताशी रोख किती आहे, दोन लाख चाळीस हजार भरल्यावर अडीअडचणीला काय उरेल. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. तिच्या कामाबद्दल एवढं त्यांनी कधी विचारलं असेल असं मला वाटत नाही. तिच्या डाव्या खांद्याला टेबलाच्या पट्ट्याने वळ उठतो, हेही त्यातच निघालं. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

उत्तर आम्हा तिघांना आधीच ठाऊक होतं. कर्ज. तरी ते शेवटच्या ओळीपर्यंत गेले, आणि तिने शेवटची ओळ वाचून मान डोलावली.

"पावती दे," ती म्हणाली.

"अगं पावती कसली..."

"फी घेतलीस ना? माझ्या खर्चात जाईल ती. तूच शिकवलंस."

त्यांनी पावतीपुस्तक काढलं. तारीख घातली. रक्कम आधी आकड्यात लिहिली, मग अक्षरात. नावाच्या ओळीवर हात थांबला. इतकी वर्षं तिची विवरणपत्रं भरली होती, पण या क्षणी त्यांच्या हाताला काही सुचेना. मग ती जरा पुढे झुकली आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगू लागली. आधी नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. अनोळखी माणसाला सांगतात तसं, एकेक अक्षर सुटं करून, आणि ते मान खाली घालून तिच्याकडून ऐकून लिहून घेत होते.